अंगठ्याखालचा महिना

समजा, तुमच्या हातात एक फोटो दिलाय. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा. त्यात माणूस नाही, देव नाही, लग्नातली जोडी नाही. नुसता एक कागद आहे, वरच्या बाजूला स्टॅम्पपेपरची नक्षी आणि खाली टाइप केलेल्या ओळी, मुंगीएवढ्या अक्षरांच्या. फोटो देणारा माणूस समोर स्टुलावर बसून तुमच्या तोंडाकडे बघतोय. त्याच्या सदऱ्याच्या खिशात नोकरीचा राजीनामा आहे, अजून न दिलेला. तुम्ही तो कागद वाचायचा आणि एवढंच सांगायचं, की राजीनामा द्यावा की फाडून टाकावा. आता सांगा, पहिल्यांदा काय बघाल?

शेवगावच्या मामलेदार कचेरीसमोर टायपिंगचा क्लास चालवणारी विजया पाठक पहिल्यांदा फोटोची मागची बाजू बघायची. ती तिची सवयच होती. एस.टी.चं तिकीट असो, दुकानदारानं दिलेली पुडी असो, लग्नाची पत्रिका असो, ती आधी उलटी करून बघे. मागे काही नाही अशी खात्री झाली की मग पुढचं वाचायला घेई. तिच्या क्लासमधल्या मुली म्हणत, बाईंना स्थळ सांगून आलं तर त्या आधी मुलाची पाठ बघतील. हे तिच्या कानावर गेलं होतं. तिनं ते नाकारलं नव्हतं.

तिचे वडील शाळामास्तर होते. बदल्या होत गेल्या, खर्ड्यापासून शेवगावापर्यंत. प्रत्येक गावात भाड्याच्या खोल्या, आणि प्रत्येक वेळी मालकाचा शब्द. कागद कधी केलाच नाही, किंवा केला तर मास्तरांनी तो न वाचता सही करून ठेवला. पावसाळ्याच्या तोंडावर भांडीकुंडी बैलगाडीत भरताना विजया लहानपणी दोनदा तरी गाडीच्या मागे चालली होती. तेव्हापासून तिचा एक स्वभाव बनला तो बनला. कचेरीसमोरच्या त्या खोलीत तिनं दोन मराठी मशीन आणि एक इंग्रजी मशीन मांडलं, तेव्हा त्या खोलीचा करार तिनं स्वतःच टाइप केला आणि घरमालकालाच दोनदा वाचून दाखवला.

कचेरीत काम असलेली माणसं तिच्याकडे अर्ज टाइप करून घ्यायला येत. हळूहळू त्यांना कळलं की ही बाई नुसतं टाइप करत नाही, आपलाच अर्ज आपल्याला समजावूनही सांगते. आणि प्रत्येक कागदात काहीतरी खोट आहे असं धरूनच वाचते. काहींना ते आवडे. काही जण म्हणत, चांगल्या कामाला तिच्याकडे जाऊ नये.

फोटो घेऊन आलेला माणूस मच्छिंद्र. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये वाइंडर होता. जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची, वर व्हार्निश द्यायचं आणि भट्टीत सुकवायचं. काम चोख. त्या सुमारास विहिरींचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की पंप कोरडे फिरत आणि मोटारी जळत. गावोगावचे लोक जळक्या मोटारी बैलगाडीत घालून थेट नगरपर्यंत नेत. मच्छिंद्रानं हे दोन उन्हाळे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात बसलं की शेवगावात आपलं स्वतःचं दुकान पाहिजे. जागाही मिळाली, आबासाहेबांचा रस्त्यावरचा गाळा. आबासाहेब गावातले मोठे बागायतदार, रस्त्याकडेला त्यांचे गाळे ओळीनं होते. पण नोकरी सोडल्याशिवाय दुकान चालणार नव्हतं, आणि कारखान्यातली जागा एकदा सोडली की मागं दहाजण टपलेले होते. परत वळायला वाट नव्हती.

त्याच्याबरोबर त्याची बायको चांगुणा आली होती. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की राजीनामा नवऱ्याच्या खिशात असला तरी त्याची काळजी तिच्या पदरात आहे.

विजयानं फोटोची मागची बाजू बघितली. तिथं स्टुडिओचा शिक्का होता. मग तिनं विचारलं, की फोटो कशाला? मूळ कागद का नाही आणला?

मच्छिंद्र म्हणाला, आबासाहेब कागद घराबाहेर देत नाहीत. त्यांनी करार टाइप करून स्टॅम्पवर आणून ठेवलाय, फक्त सही राहिली आहे. नक्कल लिहून घ्यायला मी बसलो तर ते म्हणाले, तुझी नक्कल होईपर्यंत माझं जेवण निवेल. मग गहिनीनाथ फोटोवाल्याला बोलावलं. तो सर्टिफिकिटांचे फोटो काढून देतोच, त्यानं कराराचाही काढला.

"कागद घराबाहेर जात नाही," विजया स्वतःशीच म्हणाली. "का जात नाही?"

"आता ते कसं सांगू, बाई? मोठ्या मानसांचं तसंच आस्तं."

विजयानं टेबलाच्या खणातून भिंग काढलं.

ती एकेक कलम वाचू लागली, आणि प्रत्येक कलमापाशी थांबून मच्छिंद्रालाच विचारू लागली की तुला काय कळलं. तिची तीच पद्धत होती. सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतः बोललेलं विसरत नाही.

पहिली काही कलमं साधी होती. जागेचं वर्णन, चतुःसीमा, भाडं महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यायचं, मुदत अकरा महिने. अकराच का, हे मच्छिंद्रानं विचारलं. विजया म्हणाली, की वर्षाच्या वरचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, म्हणून लोक अकराच महिने लिहितात. यात लबाडी नाही, आळस आहे.

मग आलं अनामतीचं कलम. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम आधी द्यायची. पुढे लिहिलं होतं, 'सदर अनामत बिनव्याजी राहील व मुदतीअखेर वळती करून घेण्यात येईल.'

"काय कळलं?"

"सोपं हाय की. मुदत संपली की पैसं माघारी वळत्यात. वळती म्हनजी परती."

विजयानं भिंग खाली ठेवलं. असं वाचणारा मच्छिंद्र एकटा नव्हता. गुरं संध्याकाळी वळतात, वाट वळते, माणूस घराकडे वळतो, म्हणून पैसेही वळणारच. तिनं त्याला सांगितलं, की हिशेबाच्या भाषेत वळती करणं म्हणजे एका येण्यातून दुसरं देणं कापून घेणं. तुझं भाडं थकलं, तर ते अनामतीतून वळतं करणार. लाइटबिल राहिलं, दार मोडलं, तेही वळतं करणार. ते ठीक आहे, अनामत त्यासाठीच असते. पण कापून उरलेल्याचं काय? ते परत देण्याचा शब्द या कलमात नाही. 'वळती करून घेण्यात येईल' आणि पूर्णविराम.

मच्छिंद्राचा चेहरा उतरला. दारातून चांगुणा पहिल्यांदा बोलली.

"मी सांगत हुते. त्यो मानूस बोलताना हसतो लई."

"हसतो म्हणून चोर होत नाही," विजया म्हणाली, पण तिनं पेन्सिलीनं कागदावर टिपलं, की उरलेली रक्कम जागा सोडल्याच्या दिवशी परत, आणि नेहमीच्या वापराची झीज कापायची नाही, हे दोन्ही शब्द घालून घ्यायचे.

पुढच्या कलमापाशी तिचं भिंग अडकलं. फोटोत त्या ओळीवर एक अंगठा होता.

कोणीतरी कागद उडू नये म्हणून दाबून धरला होता, तो अंगठा फोटोत आला होता. जाड, नखात काळं. ओळ अशी वाचता येत होती: 'भाडेकरूने पहिले', मग अंगठा, मग 'महिने जागा सोडू नये. सोडल्यास त्यापैकी राहिलेल्या महिन्यांचे भाडे अनामतीतून कापले जाईल.' आणि लगेच पुढचं कलम: 'त्यानंतर कोणाही पक्षास एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपविता येईल.'

विजयानं ते दोनदा वाचलं. मग फोटो तिरका धरून वाचलं, जणू अंगठा बाजूला सरकेल. पहिले किती महिने?

मच्छिंद्र म्हणाला, आबासाहेब बोलताना तीनचारच म्हणाले होते. तीनचार महिन्यांत धंद्याचा अंदाज येतो, नाही जमलं तर सोडून जायला मोकळा. त्याला वाटत होतं, आकडा जितका लहान तितकं बरं. माणूस बांधलेला नको.

इथं विजयानं जे समजावलं ते मच्छिंद्राला पहिल्यांदा उलटंच वाटलं. ती म्हणाली, खालचं कलम परत वाच. 'त्यानंतर कोणाही पक्षास.' कोणाही म्हणजे तुलाही आणि मालकालाही. आणि 'त्यानंतर' म्हणजे ते अंगठ्याखालचे महिने संपल्यावर. त्या आधी तुला सोडता येत नाही, तशी त्यांनाही नोटीस देता येत नाही. तो आकडा तुझ्या पायातली बेडी आहे, पण तीच तुझ्या दाराची कडीही आहे. तीन लिहिलं असेल, तर चौथ्या महिन्यात ते नोटीस देऊ शकतात आणि पाचव्यात तू रस्त्यावर.

"देतील कशाला? भाडं येतंय की."

"तुझं दुकान चालायला लागलं की दुसरा कोणी जास्त भाडं द्यायला तयार होईल म्हणून. किंवा त्यांचाच पुतण्या वाइंडिंग शिकेल म्हणून. तुला थ्री-फेज वीज लागणार ना?"

मच्छिंद्र बोटांवर महिने मोजू लागला. थ्री-फेजशिवाय मोटार चालवून बघता येत नाही, आणि न बघता दिलेली मोटार कोणी घेत नाही. कनेक्शनला मालकाची संमती, मग अर्ज, मग पाहणी, मग मीटर. त्याच्या हिशेबानं चार महिने तरी जाणारच. म्हणजे तारेत वीज यायची आणि हातात नोटीस यायची वेळ एकच.

"आन् धंदा न्हाईच चालला तर?"

"तर मोठा आकडा तुला महाग पडेल. अनामत जाईल. म्हणून तर तो आकडा मला पाहिजे, आणि नेमका तोच झाकलाय."

नोटीस म्हणजे काय, तेही तिनं त्याला सांगून ठेवलं. तोंडानं सांगितलेली नोटीस या करारात चालत नाही, लेखीच पाहिजे. एकतर रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह, नाहीतर हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर सही घ्यायची. आणि नोटिशीचा महिना भाड्याच्या महिन्याबरोबर संपेल असा धरायचा. दहा तारखेला दिली तर पुढच्या दहा तारखेला मोकळा असं समजायचं नाही, पुढच्या महिनाअखेरीपर्यंत धरायची. म्हणजे भांडणाला जागा राहत नाही. नोटीस संपली म्हणून मालकाला स्वतः कुलूप ठोकता येत नाही, त्याला कोर्टात जावं लागतं. पण कोर्टकचेरी करत बसणाऱ्या वाइंडरकडे मोटारी कोण टाकणार?

मच्छिंद्र मान हलवत राहिला. विजयाचं लक्ष मात्र अंगठ्यावरच होतं. तिला त्यात सगळा डाव दिसत होता. कागद घराबाहेर जात नाही, नक्कल करू दिली नाही, आणि फोटोत नेमका तोच शब्द झाकलेला. नखातलं काळं तंबाखूचं असणार, असंही तिनं ठरवून टाकलं.

संध्याकाळी क्लास सुटल्यावर ती मच्छिंद्राला घेऊन गहिनीनाथच्या स्टुडिओत गेली. तिला फोटोची निगेटिव्ह बघायची होती. गहिनीनाथनं फिल्म उजेडापुढं धरली. अंगठा फिल्मवरही होताच, फक्त पांढरा.

"बाई, आमी फोटोत तोंडावरचे देवीचे वण काढतो, मानसं गोरी करतो," गहिनीनाथ म्हणाला. "पर अंगठ्याखालचं दाखवायचं यंत्र आजून आलं न्हाई शेवगावात."

विजयानं विचारलं, अंगठा कोणाचा? त्याला आठवत नव्हतं. घरात अंधार म्हणून कागद अंगणात ओट्यावर ठेवला होता, वारा सुटला होता, कोपऱ्यांवर दगड ठेवले तरी मध्ये फुगत होता, मग कोणीतरी दाबला. आजूबाजूला आबासाहेब होते, त्यांचा गडी होता, मच्छिंद्र होता. फोटोवाला भिंगातून बघत असतो, हात कोणाचे ते बघत नाही.

"तुमी तरी सांगायचं ना, बोट काढा म्हनून," मच्छिंद्र म्हणाला.

"लग्नात नवरीच्या तोंडावर बाशिंग आलं तरी आमी काय बोलत न्हाई. लोकांची हौस आस्ती."

बाजाराच्या दिवसापर्यंत सही नाही केली तर गाळा दुसऱ्याला देईन, असा आबासाहेबांचा निरोप आला होता. आदल्या दिवशी विजया स्वतः मच्छिंद्र आणि चांगुणेबरोबर त्यांच्या घरी गेली. टायपिंगवाल्या बाईनं गिऱ्हाइकाबरोबर मालकाच्या दारात जाणं गावात रीत नव्हती. पण ती आकडा न पाहता सही करू देणार नव्हती, आणि मच्छिंद्र एकटा गेला तर आबासाहेबांच्या हसण्यापुढं तो काही विचारणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

आबासाहेब ओट्यावर बसले होते. हसण्याबद्दल चांगुणा खोटं बोलली नव्हती. त्यांनी तिघांना पाणी दिलं, आणि मग मच्छिंद्राकडे बघून म्हणाले, "आधी फोटुवाला आनलास, आता बाई आनलीस. सही करायला काय फौजदार आनतोस का रे?" मग विजयाला म्हणाले, "तू पाठक मास्तराची पोर ना? तुझा बाप कागद न वाचता सही करायचा. देवमानूस."

"म्हणूनच मी वाचते," विजया म्हणाली.

ते पुन्हा हसले. पण त्या हसण्यातला गोडवा आता थोडा कमी होता.

कागद आला. विजयानं तो आधी उलटा करून बघितला. मग थेट ते अंगठ्याचं, सहावं कलम काढलं.

अंगठ्याखाली काहीच नव्हतं.

'भाडेकरूने पहिले', मग टिंबांची एक रांग, मग 'महिने जागा सोडू नये.' तीनही नाही, चारही नाही, अकराही नाही. कोरी जागा. टायपिस्टनं आकडा भरायला सोडलेली.

तिनं या घरापर्यंत येताना डोक्यात जी जी भांडणं रचली होती, ती सगळी कुठल्या तरी आकड्याशी होती. कोऱ्या जागेशी कसं भांडायचं?

"हे रिकामं आहे," ती शेवटी म्हणाली.

"हाय की. भरायचं ऱ्हायलंय."

"कधी भरणार होतात? सहीच्या आधी की नंतर?"

आबासाहेबांनी हात पसरले. "अगं पोरी, आकडा दोघांनी बसून ठरवायचा असतो म्हनून तर रिकामा. मच्छिंदर, तूच सांग. किती म्हनतोस?"

चेंडू असा अचानक मच्छिंद्राच्या पदरात पडला. एवढे दिवस दुसऱ्यानं झाकलेला म्हणून ज्या आकड्याला सगळे भीत होते, तो आता त्यालाच बोलायचा होता. त्यानं विजयाकडे बघितलं. विजयानं नजर ओट्याच्या कडेला लावली. समजावणं तिचं काम होतं, पण पैज त्याची होती. लहान आकडा म्हणाला तर धंदा बुडाला तरी अनामत वाचेल. मोठा म्हणाला तर धंदा चालल्यावर कोणी उठवणार नाही. म्हणजे आकडा सांगणं म्हणजे आपल्या हातावर आपला किती भरवसा आहे, ते सांगणं होतं, तेही परक्याच्या ओट्यावर.

शेवटी आबासाहेबांनीच सुचवलं, "तीन टाक. मोकळा ऱ्हाशील."

तेवढ्यात चांगुणा बोलली. ती आतापर्यंत खांबाला टेकून उभी होती.

"नऊ लिवा."

"आगं..." मच्छिंद्र म्हणाला.

"पहिलं चार वीज येईस्तोवर जातील. मग पाच तरी कमवू द्या की मानसाला. न्हाई कमावलं तर अनामत गेली आसं समजू. पर कमावलं आन् उठवलं तर माझ्यानं बघवायचं न्हाई."

आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे जरा नीट बघितलं. मग म्हणाले, नऊ महिने फार होतात, माझ्या पुतण्याला कदाचित जागा लागेल.

विजयानं मच्छिंद्राकडे बघितलं. मच्छिंद्रानं तिच्याकडे बघितलं. हा पुतण्या तिनं चार दिवसांपूर्वी नुसता उदाहरण म्हणून जन्माला घातला होता.

"मग नऊच," मच्छिंद्र म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच घट्ट होता. "न्हाई तर गाळा ऱ्हाऊ द्या, आबा."

घरातून चहा आला, तो निवला. शेवटी आबासाहेबांनी दौत मागवली. विजया म्हणाली, आकडा अंकात आणि अक्षरात दोन्ही लिहायचा, आणि शेजारी दोघांच्या छोट्या सह्या. तसंच 'वळती' या शब्दाच्या पुढं 'करून उरलेली रक्कम जागा सोडण्याच्या दिवशी परत, नेहमीच्या वापराची झीज कापायची नाही' हेही, त्याच्या शेजारीही सह्या. नुसतं शाईनं घातलेलं उद्या कोणीही म्हणेल की नंतर घातलं. मालकाच्या संमतीशिवाय थ्री-फेज मिळत नाही, म्हणून संमतीचं वाक्यही शेवटी घालून घेतलं. प्रत्येक वाक्याला आबासाहेब काहीतरी बोलत, टोमणा मारत, पण लिहीत गेले. अक्षर त्यांचं सुंदर होतं. दोन साक्षीदार शेजारून बोलावले. सह्या झाल्या, आणि सही झालेल्या कागदाची एक प्रत मच्छिंद्राकडे राहील, हेही ठरलं.

निघताना आबासाहेब विजयाला म्हणाले, "कधीतरी कुनावर इस्वास ठेव गं पोरी. आयुष्य सोपं जातं."

"ठेवते. वाचून झालं की ठेवते."

रस्त्यावर आल्यावर तिच्या पिशवीतला फोटो तिनं बाहेर काढला. आता त्याचं काम संपलं होतं. तिनं तो मच्छिंद्राला परत द्यायला धरला, आणि मच्छिंद्रानं तो घ्यायला हात पुढं केला. दोन अंगठे फोटोवर शेजारी शेजारी आले, एक छापलेला आणि एक जिवंत. जाड, आणि नखात तेच काळं. ते तंबाखूचं नव्हतं. ते व्हार्निश होतं, वर्षानुवर्षं मोटारीच्या तारांवर ओतलेलं, घासूनही न निघणारं.

तिघंही थांबले.

"हा तुझाच अंगठा आहे," विजया म्हणाली.

मच्छिंद्रानं आपला हात असा बघितला, जणू तो पहिल्यांदा दिसतोय. चांगुणेला हसू आवरेना. चार दिवस घरात ज्या अंगठ्याला ती शिव्या देत होती, तो तिच्याच ताटात जेवत होता.

"आठवलं," मच्छिंद्र हळूच म्हणाला. "वाऱ्यानं कागद फुगत हुता. आबाच म्हनलं, मच्छिंदर, हितं धर रे."

"हितं?"

"व्हय. हितं धर म्हनलं. बोट दाखवून."

चांगुणेचं हसू थांबलं.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रानं राजीनामा दिला. दुकान सुरू झालं. थ्री-फेज यायला खरंच तेवढा वेळ लागला, आणि तोवर तो शेजारच्या गावात मोटारी तपासून आणत राहिला. मग हळूहळू त्या गाळ्यासमोर जळक्या मोटारींची रांग लागू लागली. आबासाहेब कधीमधी येत, समोरच्या बाकावर बसत, चहा घेत, आणि पुतण्याचं नाव कोणी काढत नसे. विजयानं एकदा मच्छिंद्राला विचारलं, असा कोणी पुतण्या खरंच आहे का. त्यानं सांगितलं, एक आहे, पण तो मुंबईला असतो.

क्लासवरून घरी जाताना तिला त्या दुकानावरून जावं लागे. मच्छिंद्र हात हलवायचा, काळा अंगठा वर करून. तीही हात हलवायची. माणूस चांगला, मालक गोड, करार नीट पाळला जातोय, कागदावर आता कुठं खोट नाही. तरीही ती पुढच्या वळणापर्यंत एकच गोष्ट मनात उलटसुलट करून बघत राही, मागची बाजू दिसते का ते. ओट्यावर कागद फुगत होता, कोपऱ्यांवर दगड होतेच, आणि मधल्या त्या एवढ्या मोठ्या पानावर आबासाहेबांचं बोट 'हितं' म्हणून नेमकं त्याच टिंबांवर का पडलं?